चार मुळं आणि एक वर्तुळ

अकरावीत शिकणाऱ्या भाचीनं व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. फळ्यावरून घाईत उतरवलेलं एकच उदाहरण त्यात होतं: दिलेल्या संमिश्र संख्येची चारही चतुर्थ मुळं काढा आणि वर्तुळावर दाखवा. म्हणजे सोडवायचं समीकरण हे:

z⁴ = −8 + 8√3 i

पान घडीवर दुमडलेलं होतं आणि पहिल्या आठच्या आधीची वजाची रेघ नेमकी घडीच्या सावलीत गेली होती. फोटो मोठा करून पाहिल्यावरच ती दिसली. या प्रकारच्या गणितात ती रेघ वाचली की नाही यावर सगळं उत्तर फिरतं, आणि इथे "फिरतं" हे शब्दशः खरं आहे.

संमिश्र संख्या म्हणजे कागदावरचा एक बिंदू. वास्तव भाग आडव्या अक्षावर मोजायचा, i चा सहगुणक उभ्या अक्षावर. आपली संख्या शून्यापासून डावीकडे ८ आणि वर 8√3, म्हणजे सुमारे १३.८६ एवढी आहे. हाच बिंदू दुसऱ्या तऱ्हेनंही सांगता येतो: शून्यापासून किती लांब, आणि उजव्या आडव्या अक्षापासून किती अंश वळून. याला ध्रुवीय रूप म्हणतात. कास्पर वेसेल या डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नॉर्वेजियन भूमापकानं १७९७ मध्ये कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीपुढे संमिश्र संख्यांची अशी भौमितिक मांडणी केली. जमीन मोजणाऱ्या माणसाला अंतर आणि दिशा याच भाषेत विचार करायची सवय असणार, हे मला फार पटतं. पण निबंध डॅनिश भाषेत होता, त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षं तो कुणी वाचला नाही आणि त्या आकृतीला नाव मिळालं ते १८०६ मध्ये हीच कल्पना मांडणाऱ्या आर्गांचं.

अंतर पायथागोरसनं मिळतं. आठाचा वर्ग ६४, 8√3 चा वर्ग १९२, बेरीज २५६, वर्गमूळ १६. कोनाच्या ठिकाणी मात्र भाची अडली. "मामा, कॅल्क्युलेटर वजा साठ म्हणतोय," तिनं लिहिलं. त्याचं म्हणणं त्याच्या परीनं बरोबरच आहे. उभी बाजू भागिले आडवी बाजू केली की −√3 येतं, आणि tan⁻¹ चं बटण त्यासाठी −६०° देतं. पण भागाकार केला की वजाचं चिन्ह वरचं होतं की खालचं, ही माहिती पुसली जाते. ते बटण फक्त −९०° ते ९०° मधलीच उत्तरं देतं, म्हणजे उजव्या अर्ध्या पानातलीच. आपला बिंदू डावीकडे वर, दुसऱ्या चरणात आहे. त्यामुळे १८०° मिळवायचे आणि कोन १२०° धरायचा. बिंदूचं कच्चं टिपण आधी काढलं असेल तर ही गफलत होतच नाही. म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्यापूर्वी अक्ष काढून ठिपका द्यावा असा माझा आग्रह असतो.

आता मूळ. दोन संमिश्र संख्या गुणल्या की अंतरांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज. चौथ्या घातात अंतराचा चौथा घात होईल आणि कोन चौपट होईल. द म्वाव्रच्या सूत्राचा गाभा एवढाच. मग उलट जाताना १६ चं चतुर्थ मूळ घ्यायचं, म्हणजे २, आणि १२०° ला चारनं भागायचं, म्हणजे ३०°. (१६ भागिले ४ करून त्रिज्या ४ लिहिणारे बरेच भेटतात. ४ चा चौथा घात २५६ होतो, तेवढं तपासलं की चूक सापडते.)

हे एक मूळ झालं. बाकीची तीन कुठून येतात? १२०° ची दिशा आणि एक पूर्ण फेरी मारून आलेली ४८०° ची दिशा कागदावर एकच आहे. पण चारनं भागल्यावर ती एक राहत नाही: ४८० चे १२० होतात. आणखी एक फेरी, ८४०, तिचे २१०. आणखी एक, १२००, तिचे ३००. पुढची फेरी १५६०° ची, तिचे ३९०°, आणि ते म्हणजे पुन्हा ३०°च. म्हणून मुळं नेमकी चार, आणि दोन शेजाऱ्यांमध्ये ३६० भागिले ४ म्हणजे ९०° चं अंतर. साध्या रूपात ती अशी:

√3 + i,  −1 + √3 i,  −√3 − i,  1 − √3 i

पहिलं मिळालं की दर वेळी i नं गुणत गेलं तरी पुढची तीन मिळतात, कारण i नं गुणणं म्हणजे ९०° वळणं.

आकृतीसाठी आलेख कागदावर दोन सेंटिमीटरला एक एकक धरा आणि कंपासनं २ एकक त्रिज्येचं वर्तुळ काढा. मूळची संख्या १६ एकक लांब असल्यानं पानावर मावणार नाही, ती दाखवायची गरजही नाही. कोनमापकही लागत नाही. पहिल्या मुळाची उंची १ आहे, म्हणजे त्रिज्येच्या निम्मी. तेव्हा उंची १ ची आडवी रेघ वर्तुळाला उजवीकडे जिथे छेदते तिथेच ३०° चा बिंदू आहे. तीच रेघ डावीकडेही छेदते, पण तो बिंदू १५०° वर, म्हणजे आपलं मूळ नव्हे. दुसरं मूळ −१ वरच्या उभ्या रेघेवर वरच्या बाजूला, तिसरं −१ उंचीच्या आडव्या रेघेवर डावीकडे, चौथं १ वरच्या उभ्या रेघेवर खाली. बिंदू जोडले की किंचित कलता चौरस तयार होतो.

आणि इथेच सावध राहायला हवं. चौरस देखणा आला म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. कॅल्क्युलेटरचा −६०° तसाच वापरला असता तर पहिलं मूळ −१५° वर आलं असतं, आणि तोही निर्दोष चौरसच असता, फक्त ४५° फिरलेला. घडीतली वजाची रेघ निसटली असती तर कोन ६०° झाला असता, पहिलं मूळ १५° वर, चौरस पुन्हा निर्दोष. चारही मुळांची बेरीज शून्य येते का हे काही जण तपासतात, पण शून्यावर केंद्र असलेल्या कुठल्याही चौरसाची ती शून्यच येते. खरी तपासणी एकच, चौथा घात करून पाहणे. √3 + i चा वर्ग 2 + 2√3 i. त्याचा पुन्हा वर्ग केला तर 4 − 12 + 8√3 i, म्हणजे −8 + 8√3 i. दोन ओळींचं काम आहे.

भाचीनं आकृतीचाही फोटो पाठवला, थोडा तिरका. त्यात वर्तुळ लंबगोल दिसत होतं आणि काटकोन काटकोन वाटत नव्हते. अशा फोटोवर कोन मोजू नयेत. बिंदू कागदाच्या कुठल्या चौकटीत पडलेत ते मोजावं, कारण चौकटीही तेवढ्याच तिरक्या झालेल्या असतात.

याच संख्येची घनमुळं विचारली असती तर त्रिज्या सुमारे २.५२ आणि कोन ४०°, १६०°, २८०° आले असते. चाळीस अंशाच्या cos ला √3 सारखं सुटसुटीत रूप नाही. तिथे कोनमापक घ्यावा लागतो, आणि उत्तर ध्रुवीय रूपातच ठेवलं तरी ते पूर्ण असतं.