क्रॉफर्डची उसनवारी
क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. पुढे पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर असताना मामलतदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १८८८ मध्ये त्याची चौकशी झाली. चौकशी मंडळाने लाचखोरी सिद्ध मानली नाही; पण आपल्या हुकमतीतल्या लोकांकडून कर्ज काढल्याचे शाबीत झाले आणि नोकरी गेली. लाचेत मोबदला दाखवावा लागतो. उसनवारीत देणारा कोण, एवढे पुरते. महाराष्ट्राच्या १९७९च्या वर्तणूक नियमांतही तेच सूत्र आहे. ज्याच्याशी सरकारी काम पडण्याचा संभव आहे, त्याच्याकडून कर्ज घ्यायचे नाही. व्याजासकट फेडले, हा त्यावर बचाव नाही. ऋणकोची सही मोकळी राहत नाही.