लिफ्ट तीच, करार कोणाशी?

हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एक पत्र येतं. ‘१ ऑक्टोबरपासून आमचा लिफ्ट-देखभालीचा व्यवसाय अमुक कंपनीकडे वर्ग झाला आहे. आपला वार्षिक करार यापुढे तीच कंपनी सांभाळेल. आपलं सहकार्य असंच राहू द्यावं.’ खाली सही आणि शिक्का. बहुतेक सेक्रेटरी हे पत्र फाइलला लावतात आणि विसरतात. ज्यानं धंदा विकला त्यालाही वाटतं की काम झालं. पण या पत्रानं कायद्याच्या दृष्टीनं नेमकं किती काम केलं, हे पाहिलं तर विकणारा, घेणारा आणि सोसायटी या तिघांनाही आश्चर्य वाटेल.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली एक खासगी कंपनी शंभर लिफ्टची देखभाल करते. प्रत्येक लिफ्टचे वर्षाचे ४८,००० रुपये सोसायट्या १ एप्रिलला आगाऊ भरतात. कंपनीच्या मालकांना आता थांबायचं आहे. एक मोठी कंपनी त्यांचा सगळा धंदा, म्हणजे माणसं, गाड्या, सुटे भाग, येणं-देणं आणि ग्राहकांचे करार, एकरकमी किमतीला घ्यायला तयार आहे. करखात्याच्या भाषेत याला ‘स्लम्प सेल’ म्हणतात. गाड्या आणि सुटे भाग यांचं हस्तांतर सोपं असतं, ताबा दिला की झालं. खरेदीदार पैसे मोजतो ते मात्र त्या शंभर करारांसाठी, आणि अडचण नेमकी तिथंच आहे.

करार म्हणजे हक्क आणि जबाबदारी यांची जोडी. देखभालीचे पैसे मिळणं हा कंपनीचा हक्क, लिफ्ट चालू ठेवणं ही तिची जबाबदारी. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं खर्दा कंपनी विरुद्ध रेमन आणि कंपनी या तागाच्या व्यवहारावरच्या खटल्यात या दोन्हींची स्पष्ट फोड केली. करारातले हक्क दुसऱ्याला देता येतात. करारानंच मनाई केली असेल, कायदा आड येत असेल किंवा करार व्यक्तिगत स्वरूपाचा असेल, तरच नाही. जबाबदारी मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. आणि समोरच्यानं संमती दिलीच, तर ते निव्वळ हस्तांतर राहत नाही, जुन्या कराराच्या जागी नवा करार उभा राहतो. पहिल्या प्रकाराला वकील असाइनमेंट म्हणतात, दुसऱ्याला नोव्हेशन.

ही फोड आपल्या उदाहरणाला लावली, की त्या पत्राचं वजन कळतं. समजा, काही सोसायट्यांकडे जादा कामाच्या बिलांचे ६ लाख रुपये थकले आहेत. ही थकबाकी वसूल करण्याचा हक्क विक्रेता कोणालाही न विचारता खरेदीदाराला देऊ शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० प्रमाणे त्याला विक्रेत्याच्या सहीचा लेखी दस्त पुरतो. पण सोसायटीला रीतसर लेखी नोटीस गेली पाहिजे. त्या नोटिशीवर विक्रेत्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही हवी आणि नव्या धन्याचं नाव-पत्ता हवा. नोटीस मिळण्याआधी सोसायटीनं जुन्या कंपनीच्या खात्यात पैसे भरले, तर ती मोकळी झाली. खरेदीदार तिच्याकडे पुन्हा मागू शकत नाही. शिवाय कलम १३२ आहे. जुन्या कंपनीमुळे लिफ्ट ११ दिवस बंद होती आणि त्यासाठी बिलातून रक्कम कापण्याचा सोसायटीला हक्क होता, तर तो हक्क नव्या कंपनीविरुद्धही तसाच राहतो. म्हणून थकबाकी विकत घेणाऱ्यानं बिलांच्या यादीबरोबर तक्रारींचं रजिस्टरही मागून घ्यावं.

जबाबदारीचं तसं नाही. करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ६२ खाली दिलेली दोन छोटी उदाहरणं हा सगळा विषय आजही स्वच्छ सांगतात. पहिल्यात ‘अ’ हा ‘ब’चा देणेकरी आहे. तिघं मिळून ठरवतात की यापुढे ‘ब’नं ‘अ’ऐवजी ‘क’ला देणेकरी मानावं. ‘अ’चं देणं संपतं, ‘क’चं सुरू होतं. दुसऱ्यात ‘अ’ला ‘ब’चे आणि ‘ब’ला ‘क’चे पैसे देणं आहे. ‘ब’ ‘अ’ला सांगतो की ते पैसे परस्पर ‘क’च्या नावे जमा कर. पण ‘क’ या व्यवस्थेला मान्यता देत नाही. नवा करार झालाच नाही. ‘ब’चं ‘क’ला असलेलं देणं तसंच उभं. आपलं पत्र या दुसऱ्या प्रकारातलं आहे. सोसायटीनं होकार दिलेला नाही. म्हणजे मार्चपर्यंत लिफ्ट चालू ठेवण्याची जबाबदारी अजून जुन्या कंपनीवरच आहे, मग तिनं धंदा विकून कार्यालयाला कुलूप लावलं असलं तरीही.

‘पण सोसायटी गप्प राहिली, मग मूक संमती झाली ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नुसतं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. ‘पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आपली मान्यता गृहीत धरू’ हे वाक्य एकतर्फी लिहिलं, तर त्याला फार जोर नसतो. मूळ करारातच तशी तरतूद असेल तर गोष्ट वेगळी. वागणुकीतून संमती मात्र सिद्ध होऊ शकते. सोसायटीनं नव्या कंपनीच्या नावानं आलेलं, तिचा जीएसटी क्रमांक असलेलं बिल भरलं, तिच्या मेकॅनिकच्या सर्व्हिस शीटवर महिनोन्महिने सह्या केल्या, तक्रारी तिलाच पाठवल्या, तर पुढे ‘आम्ही तुम्हाला ओळखत नाही’ म्हणणं तिला कठीण जाईल. कलम ४१ ही सांगतं की दुसऱ्यानं केलेलं काम एकदा स्वीकारलं, की तेच काम मूळ माणसाकडून पुन्हा मागता येत नाही. पण याचा अर्थ एवढाच की झालेलं काम झालं. उरलेल्या महिन्यांसाठी जुनी कंपनी सुटली, असा अर्थ त्यातून आपोआप निघत नाही. ज्या करारावर धंद्याची किंमत ठरली तो करार सह्यांच्या शीटवरून सिद्ध करत बसण्याची पाळी येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून त्रिपक्षीय नोव्हेशन करार करावा. दोन पानांचा पुरतो, पण त्यात तीन गोष्टी नि:संदिग्ध हव्यात. जुनी कंपनी कोणत्या तारखेपासून मोकळी, नवी कोणत्या तारखेपासून बांधील आणि त्या तारखेच्या आधीच्या चुकांचं कोणी निस्तरायचं. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. नोव्हेशननं मूळ करार संपतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये अर्धवट बदललेली दोरी नोव्हेंबरमध्ये घसरली, तर सोसायटीनं कोणाकडे जायचं, हा प्रश्न कागदावर सोडवला नसेल तर पुढे न्यायालयात सोडवावा लागतो. सोसायटीच्या बाजूनं सांगायचं तर सही करण्याआधी कार्यकारी समितीचा ठराव करावा, जुने दोष नव्या कंपनीनं स्वीकारल्याचं लिहून घ्यावं आणि लिफ्टच्या देखभालीसाठी लागणारा सरकारी परवाना नव्या कंपनीच्या स्वत:च्या नावावर आहे का, ते पाहावं. विक्रेत्याचा परवाना धंद्याबरोबर विकला जात नाही.

आता आगाऊ भरलेल्या पैशांकडे येऊ. १ ऑक्टोबरला प्रत्येक लिफ्टचे सहा महिने उरलेले आहेत. म्हणजे लिफ्टमागे २४,००० आणि शंभर लिफ्टचे २४ लाख रुपये विक्रेत्याच्या खिशात आहेत, पण ती सेवा खरेदीदार देणार आहे. हे २४ लाख किमतीतून वजा झाले पाहिजेत. नाहीतर खरेदीदार एप्रिलपर्यंत फुकट राबतो, मग हात आखडता घेतो आणि सुटे भाग वेळेवर न येण्याचा त्रास शेवटी सहाव्या मजल्यावरच्या आजींना होतो.

शंभरातले सगळे ग्राहक सोसायट्या नसतात. समजा, त्यात एक सरकारी रुग्णालय आहे, सहा लिफ्टचं. ते टेंडरनं मिळालेलं काम आहे. करारात स्पष्ट लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय करार दुसऱ्याला देता येणार नाही आणि उपकंत्राटही देता येणार नाही. विक्रेत्याच्या बँकेनं दिलेली हमीही तिथं पडून आहे. इथं पैसे मिळण्याचा हक्कसुद्धा परस्पर देण्याचा प्रयत्न करू नये; करार मोडल्याचा ठपका येतो आणि हमी वटवली जाऊ शकते. रुग्णालयानं मान्यता दिली तरी काम पूर्ण होत नाही. खरेदीदाराच्या बँकेची नवी हमी देऊन जुनी हमी रीतसर परत घेईपर्यंत विक्रेत्याची मान मोकळी होत नाही. कारण जुनी हमी वटली, तर बँक त्याच्याकडेच वसुलीला येणार.

ज्यांची संमती व्यवहाराच्या दिवसापर्यंत येत नाही, त्यांचं काय? व्यवहारात असं करतात की ते करार विक्रेत्याच्याच नावावर ठेवायचे. बिल विक्रेत्यानं द्यायचं, काम खरेदीदाराच्या माणसांनी विक्रेत्याच्या वतीनं करायचं, आलेले पैसे ठरल्याप्रमाणे खरेदीदाराला पोचवायचे आणि खरेदीदाराच्या चुकीनं विक्रेत्यावर दावा आला तर त्याची भरपाई खरेदीदारानं करायची. जिथं उपकंत्राटाला मनाई नाही तिथं हे चालतं. रुग्णालयासारख्या ठिकाणी चालत नाही. तिथं परवानगी येईपर्यंत विक्रेत्यानं आपली काही माणसं आणि आपला परवाना जिवंत ठेवावाच लागतो. मध्येच अपघात झाला, तर ग्राहकापुढे उत्तर द्यायला विक्रेताच उभा असतो. भरपाईचं वचन त्याला नंतर खरेदीदाराकडून वसुली करायला उपयोगी पडतं, पण ग्राहकाच्या दाव्याविरुद्ध ते ढाल होत नाही.

हे सगळं टाळायचा एक मार्ग लोक सुचवतात. धंदा विकू नका, कंपनीचे शेअर विका. मग करार करणारी कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतात आणि सोसायटीची सही लागत नाही. हे बरोबर आहे, पण मोठ्या ग्राहकांच्या करारात ‘मालकी बदलल्यास करार रद्द करता येईल’ असं कलम असू शकतं. ते आधी वाचलं पाहिजे. शिवाय शेअर घेणाऱ्याच्या पदरात कंपनीचे जुने दावे आणि करांची देणीही येतात. दुसरा मार्ग कंपनी न्यायाधिकरणाच्या मंजुरीनं धंदा वेगळा काढण्याचा. त्यात करार योजनेनुसार वर्ग होतात, पण महिने लागतात. आणि न्यायाधिकरणाची मंजुरी ही प्रत्येक मनाईवरची मात्रा नाही. सिंगर कंपनीच्या दिल्लीतल्या भाड्याच्या जागेच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. कंपन्यांचं विलीनीकरण न्यायालयाच्या मंजुरीनं झालं होतं, तरी घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय जागा नव्या कंपनीकडे गेली म्हणून भाडेकरूला ती सोडावी लागली.

व्यवहार नीट करणारी माणसं म्हणून उलट्या दिशेनं सुरुवात करतात. किंमत ठरवण्याआधी शंभर करार वाचून त्यांचे गट पाडायचे. कुठं मनाई आहे, कुठं परवानगी हवी, कुठं करार गप्प आहे. मग पहिल्या दहा मोठ्या ग्राहकांकडे पत्र न पाठवता दोन्ही कंपन्यांनी मिळून जायचं, नवे मेकॅनिक कोण आणि रात्रीचा फोन कोण उचलणार, हे समोर बसून सांगायचं. किमतीतली एक रक्कम राखून ठेवायची आणि सह्या जशा येतील तशी सोडायची. सह्या आणण्याची धडपड विक्रेत्यानं करावी, हा त्यामागचा हेतू, कारण सोसायट्यांशी वर्षानुवर्षांचे संबंध त्याचे आहेत. एखादी सोसायटी सहीच्या बदल्यात दहा टक्के सूट मागेल. ती सूट कोणी सोसायची, विक्रेत्यानं की खरेदीदारानं, हे मुख्य करारात आधीच लिहिलेलं असावं.