सीक्रेट सांता: नाव न देण्याची योग्य वेळ

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये ठरलेला मेसेज येतो. ‘यंदाही सीक्रेट सांता! बजेट पाचशे रुपये. शुक्रवारी चिठ्ठ्या.’ खाली अंगठ्यांची आणि लाल टोप्यांची रांग लागते. त्या रांगेत एखादी मुलगी काहीच न टाकता फोन बाजूला ठेवते आणि मनातल्या मनात हिशोब मांडते.

समजा, तिच्या हातात महिन्याला चोवीस हजार येतात. पीजीचे आठ हजार, घरी पाठवायचे सात, शिक्षणाच्या कर्जाचा साडेचार हजारांचा हप्ता. राहिलेल्या साडेचार हजारांत येणंजाणं, दुपारचं जेवण, मोबाइल, औषधपाणी. पाचशेची भेट रॅपिंगसकट साडेपाचशे-सहाशेला पडते. त्याच दिवशी केकची वर्गणी असते, लाल रंगाचा कपडा लागतो आणि महिनाअखेरीस कुणाच्या तरी निरोपाचं पाकीट फिरतं. सगळं मिळून दीड हजारावर जातं. म्हणजे उरलेल्या पैशांचा तिसरा हिस्सा. ‘पाचशे रुपये तर आहेत’ असं म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. त्याच्यापुढे हा हिशोब मांडत बसायची तिला गरजही नाही.

नाही म्हणायला हरकत नसते, प्रश्न असतो तो कधी म्हणायचं याचा. या खेळात प्रत्येकजण एकाला देतो आणि एकाकडून घेतो, त्यामुळे सगळ्यांची मिळून साखळी होते. चिठ्ठ्या निघण्याआधी तुम्ही बाजूला झालात, तर चौदाऐवजी तेरा चिठ्ठ्या होतात आणि कुणाला कळतही नाही. चिठ्ठ्या निघाल्यावर बाजूला झालात, तर तुम्ही ज्याला देणार होतात त्याचा हात रिकामा राहतो आणि तुमच्या नावाची चिठ्ठी ज्याला आली त्याच्या भेटीला घेणारा उरत नाही. वातावरण बिघडतं ते इथे. भरल्या खोलीत एकाच माणसाला काही मिळालेलं नसतं आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात.

म्हणून मेसेज आला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नावं गोळा करणाऱ्या व्यक्तीला एकटीला गाठावं. ग्रुपवर लिहू नये. ग्रुपवरचा नकार जाहीर होतो, त्यावर चार जण मनधरणी करतात, आणि जो पाचवा गप्प बसून नाव देणार होता तोही अवघडतो. एवढं सांगितलं तरी पुरे: ‘अगं, या वेळी माझं नाव घेऊ नकोस. या महिन्यात खर्च आवरायचेत. चिठ्ठ्यांच्या आधी सांगून ठेवते, म्हणजे तुझी गडबड नको. त्या दिवशी मी आहेच. नावं पुकारायचं काम मला दे.’

पैशांचं कारण सांगायला लाज वाटते, म्हणून बरेच जण ‘वेळच नाही गं’ असं म्हणतात. हे कारण कमकुवत आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातले ग्रँट डॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाराच्या कारणांचा अभ्यास केला. वेळ नसल्याचं कारण देणाऱ्यापेक्षा पैसे नसल्याचं कारण देणारा लोकांना अधिक विश्वासाचा वाटतो, असं त्यांना दिसलं. वेळ काढणं माणसाच्या हातात असतं, पैशांचं तसं नसतं, असं आपण धरून चालतो. ‘वेळ नाही’ म्हणजे ‘तुमच्यासाठी नाही’, असा त्याचा अर्थ लागतो. मात्र कारण खरं हवं. दुपारी ‘खर्च आवरतेय’ सांगून संध्याकाळी महागड्या हॉटेलातले फोटो टाकले, तर कुठलाच अभ्यास मदतीला येणार नाही.

समोरच्याला किती वाईट वाटेल याचा आपला अंदाजही बहुतेक वेळा फुगलेला असतो. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क या दोन अमेरिकी संशोधकांनी 2023 साली आमंत्रण नाकारण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नाकारणाऱ्याला वाटतं की समोरच्याच्या डोक्यात फक्त आपला नकार राहील. प्रत्यक्षात समोरचा माणूस नकारामागे काही विचार असेल हेही लक्षात घेतो. हे प्रयोग आमंत्रणांवरचे आणि तिकडचे आहेत, तरी आपल्या ऑफिसातही बहुधा तसंच घडतं. नावं गोळा करणारीला नकाराचं दुःख कमी असतं. यादी वेळेत पुरी होईल ना, ही काळजी जास्त.

खरी पंचाईत मायेने होते. ‘अगं, तुझे मी भरते!’ हे ती मनापासून म्हणते, पण ते स्वीकारलं की भेट तुमच्या नावाची आणि उपकार तिचा, असं ओझं राहतं. तेव्हा हसून म्हणावं, ‘विचारलंस तेच खूप झालं. पण खरंच नको.’ कारणं वाढवू नयेत. प्रत्येक नव्या कारणावर समोरचा नवा तोडगा काढतो.

कारण पैशांचं नसेल, तर एवढंही सांगायला नको. घरात कुणी गेलं की आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत. ‘यंदा आमच्याकडे काही करत नाही’ म्हटलं की मराठी माणूस पुढे विचारत नाही. यहोवाचे साक्षीदार नाताळ पाळत नाहीत. कुणाला मागच्या वर्षी थट्टेची, अंगाला लागणारी वस्तू मिळालेली असते. ‘या वेळी मी नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. आपण लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतो आणि कुणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण ते आधी सांगितलेलं असतं.

आणि चिठ्ठ्या निघून गेल्या असतील तर? भेटीच्या दिवसाला आठवडाभर असेल, तर साखळी सांधता येते. तुमच्याजवळची चिठ्ठी नावं गोळा करणारीला द्या. तिने तुमचं नाव कुणाला आलंय ते एकेकाला गुपचूप विचारावं आणि तुमची चिठ्ठी त्याला द्यावी. त्याने तुमच्याऐवजी त्या माणसाला भेट द्यायची, की साखळी पूर्ण. एकच अडचण येऊ शकते: तुम्हाला त्याचं आणि त्याला तुमचं नाव आलेलं असलं, तर त्याच्या हाती स्वतःचंच नाव पडेल. मग तिसऱ्या कुणाशी चिठ्ठी बदलायची. तिसऱ्याने त्याला द्यावं आणि त्याने तिसऱ्याच्या माणसाला. पण दोन-तीन दिवसच उरले असतील, तर माघार घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यासाठी नाव घातलेला मग कदाचित बनून आलाही असेल. अशा वेळी शे-दीडशेची नीट निवडलेली वस्तू द्यावी. पाचशे ही वरची मर्यादा असते, कुणी पावती मागत नाही.

त्या दिवशी सुट्टी घेऊ नका. गैरहजेरी नकारापेक्षा जास्त दिसते. ‘तुला काय मिळालं?’ असं कुणीतरी विचारणारच. ‘मी यंदा नव्हते, तुझं दाखव ना!’ म्हटलं की विचारणारा स्वतःचं खोकं उघडायला लागतो. खेळाची गंमत अंदाज बांधण्यात असते, आणि नावं पुकारणारा माणूस त्या गमतीच्या मध्यभागी असतो.

यंदा नावं गोळा करायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती. मेसेजमध्ये सगळ्यांना गृहीत धरू नका. ‘खेळायचं असेल त्यांनी गुरुवारपर्यंत मला एकटीला कळवा, नाही कळवलं तरी पार्टीला यायचंच’ एवढं लिहा, आणि कुणी नाव दिलं नाही याची यादी कुणाला दाखवू नका.