ह्यूरॉन सरोवर: दोन वर्षे पुढचा अंदाज

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या ह्यूरॉन सरोवराची १८७५ ते १९७२ या ९८ वर्षांतली पाणीपातळी संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना चांगली ओळखीची आहे. तिची सरासरी ५७९ फूट. १९७२ साली पातळी ५७९.९६ फूट होती, म्हणजे सरासरीच्या ०.९६ फूट वर. एवढ्याच नोंदींवरून १९७४ ची पातळी सांगायची असेल तर?

सरोवर इतकं अवाढव्य आहे, की एका वर्षी साठलेलं जादा पाणी पुढच्या वर्षापर्यंत बरंचसं टिकतं. ते किती टिकतं, हे मोजता येतं. प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक काढायचा. लागोपाठच्या दोन वर्षांच्या फरकांचे गुणाकार करून त्यांची बेरीज करायची आणि तिला सगळ्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. उत्तर येतं ०.८३. हा एका वर्षाच्या अंतराचा स्वसहसंबंध.

पहिल्या क्रमाचं ऑटोरिग्रेसिव्ह प्रतिमान म्हणतं, की यंदाचा फरक म्हणजे गेल्या वर्षीच्या फरकाचा ठरावीक भाग, अधिक पाऊस, बर्फ, बाष्पीभवन यांनी दिलेला नवा धक्का. तो ठरावीक भाग म्हणजेच आपले ०.८३. पुढचे धक्के कोणालाच ठाऊक नसतात, म्हणून अंदाजात ते शून्य धरायचे. १९७३ साठी ०.९६ ला ०.८३ ने गुणलं की ०.८० फूट येतात. १९७४ साठी पुन्हा ०.८३ ने गुणायचं: ०.६६ फूट, म्हणजे पातळी सुमारे ५७९.६६ फूट. अंदाज असा वर्षागणिक सरासरीकडे सरकत जातो.

अनिश्चितता मात्र वाढते. एका वर्षाच्या धक्क्याचं प्रमाण विचलन साधारण ०.७३ फूट आहे. दोन वर्षांत दुसरा धक्का पूर्ण आणि पहिल्याचा ०.८३ भाग असे दोन्ही मिसळतात. वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं की ०.९५ येतं. म्हणून १९७४ चा अंदाज ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर दोन्ही बाजूंना १.९ फुटांची मोकळीक ठेवावी लागते. ही मोकळीक न सांगता दिलेला आकडा मला अपुरा वाटतो.

आता पडताळणी. प्रतिमान खरं असेल, तर दोन वर्षांच्या अंतराचा स्वसहसंबंध ०.८३ चा वर्ग, म्हणजे ०.६९ असायला हवा. प्रत्यक्षात तो ०.६१ आहे. मधल्या वर्षाचा प्रभाव वगळला, तर उरलेला थेट संबंध उणे ०.२७ निघतो, ९८ नोंदींत निव्वळ योगायोगाने तो सहसा ०.२० च्या पलीकडे जात नाही. म्हणजे मागच्या एकाच वर्षाकडे पाहणं पुरत नाही. दोन वर्षं हिशेबात घेतली की १९७४ चा अंदाज सुमारे ५७९.५६ फूट येतो. हा दहाव्या भागाएवढ्या फुटाचा फरक १.९ फुटांपुढे किरकोळ आहे, पण याच नोंदींत शंभर वर्षांत पातळी हळूहळू उतरत गेल्याचंही दिसतं. ती उतरण खरी असेल, तर अंदाज ज्या ५७९ फुटांकडे ओढला जातो, ती सरासरीच नव्याने ठरवावी लागेल.