रजेवर जाताना काय लिहून ठेवावं?

‘रजेवर आहे, अगदीच गरज असेल तर फोन करा’ या वाक्यात गोची अशी की गरज कुठली, हे समोरचा ठरवतो. मग जुन्या बिलाची प्रत हवी म्हणूनही फोन येतो.

भागीदारी पेढीचे हिशेब पाहणारी व्यक्ती गणपतीला कोकणात चालली आहे, असं समजा. घरात रेंज नाही. दरमहा भरायच्या जीएसटी विवरणपत्राची, जीएसटीआर-३बीची, मुदत २० तारखेला संपते आणि सही करायचा अधिकार तिच्याकडे असल्याने ओटीपी तिच्याच मोबाइलवर येतो. तिने निघण्यापूर्वी असं लिहावं:

‘१३ ते २१ रजेवर. रोज संध्याकाळी ७ ते ७.३० फोन लागेल, एरवी नाही. ईमेल पाहणार नाही. विवरणपत्राच्या ओटीपीसाठी १८ तारखेला याच वेळेत फोन करा. त्याखेरीज दोनच कारणांसाठी: बँक खातं गोठवलं गेलं, किंवा उत्तराची मुदत रजेतच संपणारी कर-नोटीस आली. बिलं, येणी, पगाराच्या शंका शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे.’

अठरा तारीख मुद्दाम: त्या दिवशी फोन लागला नाही, तरी दोन दिवस हाताशी राहतात. मुदत चुकली तर विलंबशुल्क रोज वाढतं. कारणं ठरवताना कसोटी एकच: रजा संपेपर्यंत थांबलं तर भरून न येणारं नुकसान होईल का, आणि ते दुसऱ्या कुणाला टाळता येणार नाही का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तरच फोन.