मागणी घालायचा दिवस : अंक काय म्हणतात, चंद्र काय म्हणतो

साखरपुड्याला आणि लग्नाला मुहूर्त पाहतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण मुलाने मुलीला, किंवा मुलीने मुलाला, "माझ्याशी लग्न करशील का?" असे विचारण्याचा मुहूर्त पंचांगात स्वतंत्रपणे दिलेला नसतो. आपल्याकडे वाङ्निश्चय असतो, पण तो दोन घरांमधला. त्यामुळे हल्लीची मुले "प्रपोज" करण्यासाठी दिवस शोधतात तेव्हा अंकशास्त्रातून थोडे आणि चंद्राच्या कलांतून थोडे असे दोन्हीकडून उचलतात. हे लोक नेमके काय सांगतात आणि त्यांचा हिशेब कसा चालतो, ते एका उदाहरणाने पाहू. आमच्या इंदूरच्या एका स्नेह्यांच्या मुलाची ही गोष्ट. त्याची जन्मतारीख मात्र मी बदलली आहे.

मुलाचा जन्म २३ जुलै १९९७ चा धरू. त्याला फेब्रुवारी २०२६ मध्येच विचारायचे होते, कारण मार्चपासून मुलीच्या घरचे तिला स्थळे दाखवणार होते. त्याच्या डोळ्यांसमोर अर्थातच १४ फेब्रुवारी होती.

अंकशास्त्रात एका दिवसाला एकच अंक असतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात निदान तीन निघतात. पहिला नुसत्या तारखेचा : १४ म्हणजे १ + ४ = ५. हा बुधाचा अंक. चंचल, बदलाचा, गप्पांना बरा पण वचनाला नको, असे सांगतात. दुसरा पूर्ण तारखेचा : १४-२-२०२६ मधले सगळे आकडे मिळवले की १७ येतात, म्हणजे ८. हा शनीचा. विलंब, अडथळे, म्हणून बहुतेक जण तो टाळायला सांगतात. तिसरा त्या माणसाचा स्वतःचा, वैयक्तिक दिवसांक. त्यासाठी जन्माचा दिवस (२३ म्हणजे ५), जन्माचा महिना (७) आणि चालू वर्ष (२०२६ म्हणजे १०, म्हणजे १) यांची बेरीज करतात. ती १३, म्हणजे ४. हा त्याचा वर्षांक. त्यात फेब्रुवारीचे २ मिळवून मासांक ६, आणि त्यात तारखेचे ५ मिळवून ११, म्हणजे २. हा चंद्राचा अंक, जोडीचा आणि समजुतीचा. मागणीला २ आणि ६ हे सर्वांत चांगले मानतात, कारण ६ हा शुक्राचा, घर-संसाराचा. १ नवी सुरुवात म्हणून आणि ३ आनंदाचा म्हणून चालवून घेतात.

म्हणजे एकाच १४ तारखेला एक अंक "नको" म्हणतो, दुसरा "मुळीच नको" आणि तिसरा "अवश्य". आयुष्यभर खातेवह्या तपासल्यामुळे मी पूर्ण महिना कागदावर मांडून पाहिला. तारखेच्या अंकात ३ मिळवले की पूर्ण तारखेचा अंक येतो, कारण महिना आणि वर्ष तेच राहतात. आणि ६ मिळवले की या मुलाचा वैयक्तिक अंक येतो. त्यामुळे त्या महिन्यात प्रत्येक दिवसाच्या वाट्याला १-४-७, २-५-८ किंवा ३-६-९ यांपैकीच एक त्रिकूट येते. प्रत्येक त्रिकुटात १, २, ३, ६ यांपैकी एक तरी आहेच! म्हणजे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस कुठल्या ना कुठल्या रीतीने शुभ ठरवता येतात, आणि मोडता घालायचा म्हटले तर अशुभही. व्याजाचा दर आधी ठरतो, मग हिशेब होतो. इथे बरेच जण उत्तर पाहून दर ठरवतात. तेव्हा कुठला अंक धरायचा आणि कुणाचा, हे कॅलेंडर उघडण्याआधीच ठरवावे. मुलीचा वैयक्तिक अंक वेगळाच येतो, आणि तो पाहायचा की नाही यावर जाणकारांतही एकमत नाही.

शिवाय हा सगळा खेळ इंग्रजी तारखेचा. भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत तोच दिवस २५ माघ १९४७ आहे. त्याची बेरीज केली तर तारखेचा अंक ७ येतो.

आम्ही फक्त वैयक्तिक अंक धरायचा आणि २ किंवा ६ च घ्यायचे असे ठरवले. त्या हिशेबाने फेब्रुवारीत ५, ९, १४, १८, २३ आणि २७ या तारखा निघाल्या. आता चंद्र.

इथे पाश्चात्त्य मंडळी आणि आपले पंचांग यांचे एका बाबतीत जमते : सुरुवात वाढत्या चंद्रावर करावी. पाश्चात्त्य रीतीत उतरता चंद्र म्हणजे सोडून देण्याचा काळ, आणि पौर्णिमा भावना उसळण्याची. आपल्याकडे याहून बारीक पाहतात. शुद्ध पक्ष घ्यावा, चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी टाळाव्या, आणि अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस चंद्र क्षीण म्हणून सोडावे.

तारखेचा अंक मध्यरात्री बदलतो, पण तिथी कधीही बदलते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते, आणि त्याला साधारण १९ ते २६ तास लागतात. सूर्योदयाला असेल ती त्या दिवसाची तिथी म्हणून छापतात. १४ फेब्रुवारीला सकाळी माघ वद्य द्वादशी होती, पण दुपारी चारच्या सुमारास त्रयोदशी लागली. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. विचारायचे संध्याकाळी असेल तर संध्याकाळची तिथी पाहायला हवी, आणि मोबाइलवर नुसता चंद्राचा आकार पाहणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. काही असो, चंद्र क्षीण, म्हणून १४ गेली. ५ आणि ९ याही वद्य पक्षातल्याच. १८ ला सकाळी प्रतिपदा, चंद्र जेमतेम उगवलेला, आणि शुद्ध प्रतिपदा शुभकार्याला बरेच जण घेत नाहीत.

उरल्या २३ आणि २७. २७ ला शुक्रवार, अंक ६ (तोही शुक्राचा), तिथी शुद्ध एकादशी. कागदावर याहून चांगला दिवस नाही. पण आपण इंदूरात राहतो, आणि मुलगी हिंदीभाषक घरातली. त्यांच्याकडे फाल्गुन शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत होलाष्टक पाळतात आणि त्यात शुभकार्य करत नाहीत. आपल्या मराठी घरांत हे सहसा मानत नाहीत. त्या वर्षी होलाष्टक २४ फेब्रुवारीला लागले. पुढे ३ मार्चच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण, आणि त्यानंतर पुन्हा वद्य पक्ष. थेट गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे १९ मार्चपर्यंत थांबावे म्हटले तर साडेतीन मुहूर्तांपैकी एक मिळतो, पण त्याच दिवशी मुलाचा वैयक्तिक अंक ८ येतो. आणि तोवर मुलीकडे दोन-तीन स्थळे येऊन गेली असती.

या अंकांचा आणि तिथींचा होकाराशी संबंध असल्याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पण समोरच्या घरी होलाष्टक मानत असतील तर त्याचा संबंध नक्की आहे, कारण तारीख कळली की तिची आजी तीच गोष्ट आधी काढील. हे मी त्याला सांगितले. राहता राहिला २३ फेब्रुवारी, सोमवार : अंक २, संध्याकाळी शुद्ध सप्तमी, होलाष्टकाच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी तिची ऑफिसची सुट्टी नव्हती. म्हणून सहानंतरची वेळ ठरली, आणि तिथी सप्तमीच राहते का हे त्याने पंचांगात दोनदा पाहून घेतले.