रात्रीच्या फोटोत दुपारचे ऊन

दिव्यांनी उजळलेल्या इमारतीच्या रात्रीच्या फोटोतून तिचे दिवसाचे रूप तयार करायचे, तर फोटो नुसता उजळ करून भागत नाही. तसे केले की आकाश करडे आणि दाणेदार होते, दिवे पांढरेफटक पडतात, आणि इमारत दिवसाची न वाटता तिच्यावर आणखी दिवे लावल्यासारखी वाटते. दिवस आणि रात्र यांतला मुख्य फरक उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून येतो याचा असतो. दिवसा ऊन वरून पडते; रोषणाई मात्र बहुधा खालून वर सोडलेली असते. त्यामुळे रात्रीच्या फोटोत सावल्या उलट्या बसतात, आणि खरे काम त्या सुलट करण्याचे असते.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे याचे चांगले उदाहरण. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये या इमारतीचे काम सुरू झाले. तिच्यावर कमानी, कंगोरे, पुढे आलेल्या पट्ट्या आणि कोरीवकाम इतके आहे की सावलीची दिशा कुठेच लपत नाही. रात्री खालच्या दिव्यांमुळे प्रत्येक पट्टीची खालची बाजू झळाळते आणि पट्टीच्या लगेच वरचा दगड अंधारात जातो. उन्हात बरोबर याच्या उलट होते. म्हणजे दिवसाच्या चित्रात जे भाग सर्वांत उजळ हवेत, नेमकी त्यांचीच माहिती रात्रीच्या फोटोत सर्वांत कमी असते.

म्हणून तयारी कॅमेऱ्यापासूनच करावी लागते. ट्रायपॉड न हलवता वेगवेगळ्या एक्स्पोजरचे चार-पाच फोटो रॉ स्वरूपात घेतात: सर्वांत कमी एक्स्पोजरमध्ये दिव्यांजवळचा दगड जळू नये आणि सर्वांत जास्त एक्स्पोजरमध्ये अंधारातले कोरीवकाम दिसावे, इतके अंतर त्यांच्यात ठेवतात. शक्य असेल तर आणखी एक फोटो सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच जागेवरून घेऊन ठेवावा. त्या वेळी आकाशाचा निळसर उजेड सगळीकडून सारखा येतो, ठळक सावल्या नसतात आणि दगडाचा पोत सरळ कळतो. हा एक फोटो नंतरचे कित्येक तासांचे काम वाचवतो.

पहिले काम झगमगाट उतरवण्याचे. दिव्याभोवती दिसणारे वलय दगडावर पडलेल्या उजेडाचे नसते. दमट हवेत आणि भिंगात विखुरलेला तो उजेड चित्रावर वरून मिसळलेला असतो. म्हणून ब्रशने तो भाग काळवंडून उपयोग होत नाही. त्याने वलयाबरोबर दगडही मळकट होतो. मिसळलेला उजेड वजाच करावा लागतो. किती वजा करायचा हे दिव्यामागच्या आकाशावरून ठरवता येते. आकाश तिथे जवळजवळ काळे असायला हवे, म्हणजे जी उजळी दिसते ती जवळपास सगळी वलयाची. ही वजाबाकी रॉ फाईलच्या मूळ आकड्यांवरच करावी. डोळ्यांना बरे दिसावे म्हणून बदललेल्या जेपेग फाईलमध्ये उजेडाचे प्रमाण मोडलेले असते, आणि तिथे हिशेब जुळत नाही.

त्यानंतर खालून वर फिका होत जाणारा उजेड सपाट करायचा. दिवा भिंतीजवळ असल्याने त्याचा उजेड उंचीबरोबर झपाट्याने घटतो. सूर्य इतका दूर आहे की पायथा आणि घुमट यांच्यावरच्या उन्हात काही फरक नसतो. चित्राची खूप धूसर प्रत करून तिला भिंतीवरच्या उजेडाचा नकाशा मानतात आणि मूळ चित्राला तिने भागतात. उरतो तो साधारणपणे दगडाचा स्वतःचा रंग आणि पोत. मात्र पट्ट्यांच्या तीक्ष्ण सावल्या या धूसर नकाशात येत नाहीत. त्या मास्क आखून, जास्त एक्स्पोजरच्या फोटोतला दगड तिथे बसवून, एकेक करून पुसाव्या लागतात. सगळ्या कामात वेळ जातो तो इथेच.

आता सूर्य कुठे ठेवायचा? टर्मिनसचा दर्शनी भाग ढोबळमानाने पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. कोवळ्या उन्हात न्हालेले टर्मिनस कितीही सुंदर रंगवले, तरी मुंबईकराला त्यात काहीतरी खटकणारच. वेळ दुपारनंतरचीच हवी. समजा २१ मार्चचे पावणेचार वाजले आहेत. त्या वेळी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांवर आणि पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला असतो. भिंत नेमकी पश्चिमेला तोंड करून आहे असे धरले, तर एक मीटर पुढे आलेल्या पट्टीची सावली तिच्याखाली सुमारे ९५ सेंटिमीटर उतरते आणि उत्तरेकडे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे, ३० सेंटिमीटरच्या थोडी पुढे सरकते. हे प्रमाण एकदा ठरले की ते सगळ्या इमारतीला लागू होते: अर्धा मीटर पुढे आलेल्या कंगोऱ्याची सावली याच्या निम्मी.

सावली काळी रंगवणे ही नेहमीची चूक. स्वच्छ दिवशी सावलीतल्या दगडावर आकाशाचा निळसर आणि रस्त्यावरून उसळलेला उबदार उजेड पडतच असतो. म्हणून सावलीचा लेयर मल्टिप्लाय पद्धतीने, किंचित निळा ठेवून चढवतात, आणि पट्ट्यांच्या खालच्या बाजूंना जमिनीकडचा थोडा पिवळसरपणा देतात. सावलीची कडाही सगळीकडे सारखी नसते. आकाशात सूर्याचा व्यास अर्धा अंशाच्या आसपास दिसतो, त्यामुळे एक मीटरवरून पडलेल्या सावलीची कडा जेमतेम एक सेंटिमीटर मऊ असते, तर दहा मीटरवरून पडलेलीची सुमारे नऊ सेंटिमीटर.

खिडक्यांचे गणित वेगळे. रात्री आतला उजेड बाहेर येतो. दिवसा बाहेरून पाहताना काच गडद दिसते आणि तिच्यात समोरचे आकाश उमटते. पिवळी खिडकी नुसती मंद केली तर दिवसाढवळ्या आत दिवा जळत असल्यासारखे दिसते, म्हणून ती पूर्ण बदलावी लागते. रस्त्यावरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा आणि ओल्या डांबरातली प्रतिबिंबे काढून टाकायची. आकाश त्याच दिशेचे आणि त्याच वेळेचे घ्यायचे: टर्मिनसमागे पूर्वेचे आकाश दिसते, तिथे मावळतीची लाली शोभणार नाही. दर्शनी भागावरचे घड्याळ तर हमखास विसरले जाते. चारच्या उन्हात काटे साडेआठवर असतील, तर बाकीची सगळी मेहनत फुकट.

काम जमले की नाही, हे पट्टीने तपासता येते. पट्टीचा कोपरा आणि त्याच कोपऱ्याची सावली यांना जोडणारी सरळ रेष ओढायची; अशा आठ-दहा रेषा निरनिराळ्या ठिकाणी ओढून पुढे वाढवायच्या. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असल्याने त्या सगळ्या क्षितिजाखालच्या एकाच बिंदूकडे गेल्या पाहिजेत. एखादी रेष भलतीकडे गेली, तर ती सावली चुकीच्या जागी बसली आहे किंवा रात्रीची एखादी सावली पुसायची राहिली आहे.

काही फोटोंवर मात्र हा उपाय चालत नाही. दिव्यालगतचा दगड सगळ्याच एक्स्पोजरमध्ये पांढरा पडला असेल, तर तिथला पोत शेजारून उसना आणावा लागतो. इमारतीवर गडद निळे एलईडी सोडलेले असतील, तर फोटोत लाल रंगाची नोंद जवळपास होतच नाही आणि पिवळसर दगडाचा पिवळेपणा त्यातून परत काढता येत नाही. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचेही तेच: त्यांचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा असल्याने दगड, झाड आणि लाल बस या तिन्हींत फरक राहतो तो फक्त फिकट-गडदचा. अशा वेळी पोत रात्रीच्या फोटोतून आणि रंग दिवसाच्या दुसऱ्या एखाद्या फोटोवरून घ्यावा लागतो.